फ्लॅटचे टोकन देण्यापूर्वी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपली इमारत पुनर्विकासाला गेल्यावर निदान तीन वर्षे भाड्याने राहावे लागणार, आणि ठाण्यात, आपल्याच गल्लीच्या आसपास राहायचे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रविवारी आपण तिघांनी पाहिलेला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बाबांना पसंत आहे, आईला तिथली ओल खटकते आहे, आणि एजंट म्हणतो की जुनी बिल्डिंग म्हटल्यावर एवढे चालायचेच. माझे मत या तिघांपेक्षा थोडे वेगळे आहे. आईला खटकलेल्या बहुतेक गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. माझी अडचण फ्लॅटमध्ये नसून खाली पार्किंगमध्ये आहे.

हॉलमध्ये बीमच्या लगेच खाली भिंतीभर जी आडवी, केसाएवढी बारीक भेग दिसली, तिची काळजी करू नका. वर काँक्रीट आणि खाली विटांची भिंत, दोन्हींचे उन्हापावसात आकुंचन-प्रसरण सारखे होत नाही, आणि सांधा भरताना तिथे जाळी लावलेली नसली की गिलावा त्याच रेषेत फाटतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेगही गिलाव्यापुरतीच वाटली. तिच्यात नखाचे टोकसुद्धा शिरत नव्हते आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तिचा मागमूस नव्हता. हीच भेग भिंतीच्या आरपार असती, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेली असती किंवा एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असती, तर पाया खचल्याची शंका घ्यावी लागली असती. तेव्हा सोबत दारे-खिडक्याही चौकटीत अडकू लागतात. तिथली सगळी दारे मी उघडून-लावून पाहिली, ती नीट लागतात.

बाथरूमच्या मागच्या बेडरूममध्ये गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आले आहेत आणि पांढरा लोणा धरला आहे. भिंत वरून कोरडी, खालून ओली, आणि पलीकडे नेमके बाथरूम, यावरून पाणी फरशीच्या सांध्यांतून किंवा नळाच्या पाइपातून झिरपते आहे असे दिसते. शेजारच्या काकूंनी आईला सांगितले की हा डाग मे महिन्यातही असाच असतो, म्हणजे पावसाचा यात संबंध नाही. हे काम घरमालकाचे आहे. करार करण्यापूर्वी त्याच्याकडून वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. नुसता रंग मारून दिला, तर दोन महिन्यांत पोपडे परत येतील.

स्वयंपाकघराचे छत मात्र मला तितकेसे सोपे वाटले नाही. वरच्या मजल्याच्या मोरीखाली जो पिवळट डाग आहे, त्यात तपकिरी रेघा आहेत आणि त्या साधारण वितीवितीच्या अंतराने एकमेकींना समांतर आहेत. पाण्याचा डाग वेडावाकडा पसरतो, तो असा आखल्यासारखा येत नाही. या रेघा स्लॅबमधल्या सळ्यांच्या आहेत. बाबांच्या काठीच्या टोकाने मी तिथे हळूच ठोकून पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, म्हणजे खालचा थर सळीपासून सुटला आहे. काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण सळीला गंजापासून जपतो. वर्षानुवर्षे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण कमी होत जातो आणि त्यात पाणी मुरले की सळी गंजते. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो बाहेरचा थर ढकलून फोडतो. अशी भेग सळीच्या दिशेनेच धावते, आणि ओळखण्याची खरी खूण तीच आहे. वरून पाणी थांबवले आणि तेवढाच भाग नीट दुरुस्त केला, तर एका ठिकाणच्या स्लॅबचा प्रश्न आटोक्यात राहू शकतो.

खालच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीजवळचा कॉलम आठवतो का? तळापासून छातीपर्यंत त्याचा गिलावा ताजा आहे आणि रंग बाकीच्या कॉलमांपेक्षा उजळ. त्या नव्या गिलाव्यातही कोपऱ्याच्या कडेने उभी भेग पुन्हा वर आली आहे, तिच्यात सहज पोस्टकार्ड शिरेल, आणि भेगेतून तांबूस ओघळ उतरला आहे. कॉलमच्या कोपऱ्यातच मुख्य सळी असते. टाकी ओव्हरफ्लो झाली की पाणी तिथेच साचत असणार. स्लॅबचा पोपडा पडला तर एका खोलीत पडेल, पण कॉलमवर वरचे सगळे मजले उभे आहेत, आणि आतली सळी किती उरली आहे हे तुम्हा-आम्हाला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. मी साइटवर काम करणारा माणूस आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर नव्हे. अशा कॉलमबद्दल चालेल किंवा चालणार नाही असे मी सांगू नये. ते तपासून सांगण्यासाठी सळी उघडी करून पाहावी लागते, हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी करावी लागते, क्वचित काँक्रीटचा नमुनाही काढावा लागतो.

आपण भाडेकरू, तेव्हा हा खर्च आपण करायचा नाही, आणि सोसायटीच्या कॉलमवर आपल्याला कोणी हातोडी चालवूही देणार नाही. पण इमारत तीस वर्षांहून जुनी आहे, आणि अशा इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून बाबा, तुम्ही सेक्रेटरींना भेटून ऑडिटचा अहवाल मागा. त्यात आधी तारीख पाहा, मग वर्ग पाहा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तातडीने रिकामी करण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती करता येईल अशी. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पहिल्या दोन वर्गांत असेल तर विषय तिथेच संपला. सी-२बी असेल तर दुरुस्ती झाल्याचे कागद मागा, आणि त्यात टाकीजवळच्या या कॉलमचा उल्लेख आहे का ते पाहा. नुसते वरून प्लास्टर केले असेल, तर ती दुरुस्ती धरू नका. सळी साफ करून, तिला गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टर किंवा जॅकेटिंग केल्याची नोंद हवी.

अहवाल असेल आणि त्यात शंका राहिली, तर माझ्या ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर तासाभरासाठी येऊन कॉलम, स्वयंपाकघराचा स्लॅब आणि गच्ची नुसत्या नजरेने पाहून जातील. त्यांची फी मी देईन. अहवालच नसेल, किंवा सेक्रेटरी तो दाखवायला टाळाटाळ करू लागले, तर इंजिनिअरलाही बोलावू नका. ज्या सोसायटीने एवढ्या वर्षांत स्वतःची इमारत तपासून घेतली नाही, तिच्या कॉलमची जबाबदारी तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर का घ्यावी?

एजंट टोकनसाठी दररोज फोन करतो आहे असे आईने सांगितले. अहवाल हातात येईपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नका. दुसरे गिऱ्हाईक आले आहे असे तो म्हणेल, तर येऊ दे. त्याच गल्लीच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरची जी जागा लिफ्ट नाही म्हणून आईने नाकारली होती, तिचा कॉलम मी जाता-जाता पाहिला होता, तो स्वच्छ आहे. सेक्रेटरी काय म्हणतात ते कळवा, म्हणजे शनिवारी यायचे की नाही ते मी ठरवीन.

आपला,
नितीन