फुग्यातला मजकूर आणि चित्रातला आवाज

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली जपानी मांगाची मराठी पाने सावकाश पाहिली. भाषांतर उत्तम उतरले आहे, पण संवाद फुग्यांत कोंबल्यासारखे वाटतात. जपानी मजकूर बहुधा वरून खाली लिहिला जातो, म्हणून तिथले फुगे उंच आणि अरुंद असतात. आपली ओळ आडवी धावते आणि प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे एखादाच शब्द फुग्याची सगळी रुंदी खाऊन टाकतो.

पूल पडतो त्या पानावर तू ‘पूल कोसळण्यापूर्वी इथून निघून जा!’ असे लिहिले आहेस. ‘कोसळण्यापूर्वी’ एका ओळीत मावावे म्हणून अक्षरे बारीक करावी लागली आणि ती किंकाळी शेजारच्या साध्या संवादापेक्षाही हळू वाटू लागली. मी तिथे ‘पूल / कोसळतोय, / पळा!’ अशा तीन ओळी केल्या असत्या. लांब शब्द मधोमध, म्हणजे फुगा सर्वांत रुंद असतो तिथे येतो आणि वर-खाली आखूड शब्द राहतात. ‘पळा! पूल कोसळतोय!’ हेही सहज बोलले जाते, पण त्यात लांब शब्द तळाच्या निमुळत्या भागात अडकतो. म्हणूनच भाषांतर करताना नुसती संहिता न ठेवता पानही समोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

ओळींमधले अंतरही वाढव. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी कॅपिटल अक्षरे असतात, त्यांना वर-खाली काही लागत नाही. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात घुसतो. अक्षर 10 पॉइंटचे असेल तर ओळींसाठी मी 13 ते 14 पॉइंट धरतो. त्यासाठी शब्द कमी करावे लागले तर करावेत, अंतर कमी करू नये.

आता ‘धडाम्’कडे येतो. ते चौकटभर पसरवण्यासाठी तू अक्षरांमधली जागा वाढवलीस आणि शिरोरेखा तुटून सुटी अक्षरे उरली. लांबवायचेच असेल तर ‘धडाऽऽम्’ लिही किंवा अक्षरेच मोठी कर. उभे लिहायचे असेल तर ‘ध’, ‘डा’, ‘म्’ अशी पूर्ण अक्षरे एकाखाली एक ठेव. काना किंवा पाय मोडण्याची खूण वेगळी पडता कामा नये, आणि त्या खुणेसाठी तळाशी जागा राख, नाहीतर ती चौकटीच्या रेषेत हरवते. इलस्ट्रेटरमध्ये अक्षरांना जाड पांढरी कडा देताना आधी त्यांचे आकारात रूपांतर करून सगळे आकार एकत्र जोड. तसे न केल्यास दोन अक्षरे जिथे मिळतात तिथे शिरोरेखेवर कडेचे आडवे-उभे तुकडे उमटतात. फार जाड टाइपही टाळ, कारण ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक लहान आकारात आधी बुजतो.

पान फोनच्या रुंदीइतके लहान करून, कथा ठाऊक नसलेल्या कुणाला तरी दाखव. तो आवाजाचा शब्द न अडखळता वाचतो का, एवढेच पाहा. पुलाच्या पानाची थर न मिटवलेली फाइल पाठवलीस तर ‘धडाम्’ मी मांडून देईन.

तुझा,
विनय