पस्तीस नंबरचा दात

रविवार, रात्री

चि. मनू हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

आपलं बोलणं झालं तेव्हा बाबा जेवत होते. कॉलेजात तू पेशंटचा पहिला दात काढलास एवढंच मी त्यांना सांगितलं. कुठला, तर पस्तीस नंबरचा. ते म्हणाले, "माणसाला बत्तीसच दात असतात, पस्तिसावा हिला कुठे सापडला?" मग खालचा डावा भाग म्हणजे तीन आणि मधल्या दातापासून मोजत पाचवा म्हणून पाच, हे तू मला शिकवलेलं मी त्यांना शिकवलं. तेव्हापासून दूधवाल्यापासून मामापर्यंत सगळ्यांना तेच सांगत सुटलेत. गुडघ्याचं मात्र विचारू नकोस, तेल संपलं तरी आणत नाहीत.

तू फोनवर सगळं इतकं भराभरा सांगितलंस की मला क्रमच लागेना. म्हणून लिहून काढते आहे, चुकेल तिथे दुरुस्त कर. आणि लसीचं मी या पत्रात काढणार नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तर आजी. वर्ध्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, पहाटेच्या गाडीने नातवाबरोबर आलेल्या. बीपी १४६/८८, साखर ठीक, रक्त पातळ करायची गोळी नाही, आणि निघताना भाकर खाऊन निघालेल्या. जेवलात का हे तू आधी विचारलंस, ते मला फार आवडलं. उपाशी माणूस सुई बघून खुर्चीत गळून पडतो. आमच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी चांगली धडधाकट पोरं अशी पडायची. मग पाठीवर झोपवायचं, पाय वर करायचे, की दोन मिनिटांत डोळे उघडतात. तुला हे माहीत आहे. मी आपली लिहिते.

मॅडमनी फॉर्म बघितला, दात हलवून बघितला आणि "कर तू, मी शेजारच्या खुर्चीवर आहे" म्हणाल्या. दात किडून अर्धाच उरलेला, पण थोडा हलत होता आणि एकाच मुळाचा. म्हणून पहिल्यांदा करणारीला दिला असणार. तू सिरिंज भरलीस, दोन मिली, आणि हात थरथरायला लागला. सुई आजींच्या तोंडाजवळ नेलीस आणि परत मागे घेतलीस. आजींनी ते पाहिलं. तू त्यांची केलेली नक्कल मला जमेल तशी लिहिते:

"काय व माय, पयलाच दात हाय का?"

तू खरं सांगितलंस. हो म्हणालीस. मनू, मी तुझ्या जागी असते तर कदाचित खोटं बोलले असते. आजी म्हणाल्या, "मंग त बरंच झालं. पयल्या येळी मानूस मन लावून करते. मी इथंच हाओ, कुठी पयून नाही राहिली. घे दम."

आणि तू खरंच दम घेतलास. अंगठ्याने जबड्याच्या हाडाची ती खाच चाचपलीस, सिरिंज पलीकडच्या बाजूने आणलीस, सुई हाडाला टेकल्यावर जराशी मागे घेऊन दट्ट्या ओढून बघितलास, रक्त आलं नाही, मग सावकाश सोडलंस. पाच मिनिटं थांबलीस. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे.

यापुढचं मला पुन्हा पुन्हा आठवतंय. बधिर झालं का म्हणून विचारलंस, तर आजी म्हणाल्या जीभ लाकडावानी झाली. तू चिमटा उचलायच्या बेतात होतीस. आणि आजी म्हणाल्या, "पन ओठ अजून माह्याच हाय."

दात काढायच्या सुईबद्दल मला आधी हे ठाऊक नव्हतं, तूच समजावलंस. जिभेची शीर वेगळी, दाताची वेगळी. दोन्ही जवळून जातात, पण सुई जरा खाली किंवा उथळ पडली की नुसती जीभ बधिर होते आणि दात जागाच राहतो. दाताची शीर झोपली की नाही हे ओठावरून कळतं. त्याच बाजूचा खालचा ओठ मधल्या रेषेपर्यंत जड झाला पाहिजे. म्हणजे त्या बाईने ओठाचं सांगितलं नसतं तर तू जागा दात ओढला असतास. सहन करणारी पिढी आहे ती. काहीजणी बोलल्याही नसत्या. तू पुढच्या वेळी नुसतं "बधिर झालं का" असं विचारू नकोस, जीभ वेगळी विचार, ओठ वेगळा विचार आणि हिरडीला टोचून बघ.

बघ, लागले शिकवायला. चार वर्षं तू शिकते आहेस आणि मी तासाभरात डॉक्टर झाले. राग मानू नकोस.

मॅडमना बोलावलंस. त्या म्हणाल्या, थोडी वर घे, पुन्हा दे. मी इथे बसून हिशोबही केला: दोन टक्क्यांचं औषध म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम, दोन्ही वेळचं मिळून ८०, आजींच्या वजनाला मर्यादेच्या खूप आत. सव्वीस वर्षांची सवय, बोटं आपोआप मोजतात. या वेळी ओठ गेला. आजी म्हणाल्या, "आता कोनाचा हाय कोन जाने."

आणि मग ते टोपण. काढणार नव्हते, पण मध्येच आलं ना. दुसऱ्या इंजेक्शननंतर तू डाव्या हातात टोपण धरून सुईवर बसवायला गेलीस आणि सुई ग्लोव्हला घासली. तू हे हसत सांगितलंस आणि लगेच पुढे गेलीस. मी रात्री पुन्हा फोन केला तो त्याचसाठी. कातडी शाबूत आहे, साबणाने धुतलंस, मॅडमना सांगितलंस, रजिस्टरमध्ये लिहिलंस, हे चारही ऐकल्यावर मी फोन ठेवला. ते झालं. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे, हे तुला कुणीतरी शिकवलं असेलच. बस, एवढंच.

दात काढताना काय केलंस ते मात्र मी शेजारच्या काकूंनाही सांगितलं. माझी समजूत होती की दात ओढतात. तू म्हणालीस, आई, ओढायचा नसतोच. आधी हिरडी सुटी करायची, मग चिमट्याची टोकं हिरडीखाली मुळाच्या दिशेने ढकलायची. होय, ढकलायची. मग गालाकडे सावकाश दाब, तसंच धरून ठेवायचं, मग जिभेकडे. हाड किंचित पसरतं आणि दाताला जागा होते. मूळ गोल आणि एकच असेल तर थोडं फिरवताही येतं, दोन मुळांच्या दाढेला ते चालत नाही. डाव्या हाताने जबडा खालून धरलेला, म्हणजे सांध्यावर ताण नको आणि हाड हलतंय ते बोटांना कळतं. तू घाई केलीस, दोनदा झटके दिलेस, आणि दात जागचा हलेना. घाम आला. चिमटा बाहेर काढलास तेव्हा आजी जड जिभेने बोलल्या:

"पऱ्हाटी उपटली हाये का कदी?"

तू नाही म्हणालीस. ती कुठून उपटणार, आपल्याकडे ऊस. त्यांनी सांगितलं, कापूस वेचून झाला की वावरातली पऱ्हाटी उपटावी लागते, जन्मभर तेच केलं. "एकदम वढली त मुयी तुटते, आन हाताची सालटी निघते. आंधी हालवाव लागते. इकडं, तिकडं. मंग माती सोताच सोडते."

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या आणि हसत होत्या म्हणालीस. यानंतर तू प्रत्येक बाजूला मनात दहा अंक मोजलेस. पाचव्या-सहाव्या वेळी काहीतरी सैल झाल्याचं बोटाला कळलं, आणि दात आला. मुळाचं टोक शाबूत आहे का हे तू आधी बघितलंस, आनंद नंतर केलास. टोक आत मोडून राहिलं की ते शोधत बसण्यातच वेळ जातो, हे तुझ्याच तोंडून ऐकलंय.

मग खड्ड्याच्या दोन्ही भिंती बोटांनी दाबल्यास, गॉज चावायला दिलास, अर्धा तास. चोवीस तास चूळ नाही, थुंकायचं नाही, तंबाखू नाही. आजींना दात गेल्याचं काही नाही, तंबाखू नाही म्हटल्यावर तोंड उतरलं! पण तू कारण सांगितलंस ते बरं केलंस. खड्ड्यातली रक्ताची गुठळी हेच झाकण, ओढून थुंकलं की ती निघते, हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की कानापर्यंत जातो. चौथ्या दिवशी नातवाला फोन केलास का? केला नसलास तर कर.

तुझा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तू तो कौलावर फेकू दिला नव्हतास. तात्यांच्या पेटीत चष्म्याच्या डबीत ठेवला होतास. परवा पेटी आवरताना मी बघितलं, अजून आहे. तांदळाएवढा. तुझ्या त्या हातांनी आता... असो.

मनू, पत्र इथे संपवणार होते. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, बाबांनाही नाही. २००४ साली तू पाचव्या महिन्यात पोटात होतीस. रात्रपाळीत एका माणसाचं रक्त घेतलं आणि टोपण बसवताना सुई अंगठ्यात गेली, ग्लोव्ह फाडून आत. मी पाण्याखाली धरलं आणि कुणालाही बोलले नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. लाज वाटली, सात वर्षांची नोकरी झालेली आणि अशी चूक. तो माणूस दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला, त्यामुळे त्याचं रक्त तपासायचंही राहिलं. एचआयव्हीचं औषध जितकं लवकर तितकं बरं, फार तर बहात्तर तासांत सुरू करायचं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले. माझी कावीळ ब ची लसही तेव्हा झालेली नव्हती. मग तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी शहरात जाऊन तपासून आले. दुसऱ्या वेळी तू दोन महिन्यांची होतीस आणि मामीजवळ ठेवलं होतं. तोवर तुला अंगावर पाजताना दर वेळी मनात काय यायचं ते लिहीत नाही. रिपोर्ट चांगले आले. म्हणून आज हे लिहिते आहे.

तुझे कावीळ ब चे दोन डोस पहिल्या वर्षी झाले. तिसरा सहा महिन्यांनी होता, तेव्हा तुझी परीक्षा होती, आणि मग सुट्टीत आपण पंढरपूरला गेलो. त्यानंतर तो घेतलास का हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तू विषय बदललास. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला एकच घ्यायचा, आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासून आकडा दहाच्या वर आहे ना ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

पिवळं कार्ड तुझ्या निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे, मीच ठेवलं होतं. त्याचा फोटो पाठव.

तुझी,
आई

ता.क. थालीपिठाची भाजणी पार्सलने पाठवली आहे. आजी पुन्हा आल्या तर थोडी त्यांना दे. दात दुखत नसेल तरच.