लोडरची कंबर होल्डमध्ये जाते

महोदय,

विमानतळावर विमानात सामान चढवताना लोडरची कंबर धरली की ‘बॅग जड होती’ एवढीच नोंद होते. एका बॅगेची मर्यादा ३२ किलो; पण ए३२० विमानाच्या होल्डची, म्हणजे पोटातल्या सामानकक्षाची, उंची जेमतेम सव्वा मीटर. तिथे गुडघ्यांवर बसून, पायांचा जोर न लावता, कंबर पिळून बॅग रचावी लागते. मणक्याची चकती सरकण्याचा धोका या पिळाने आणखी वाढतो. बेल्ट लोडर हे सरकत्या पट्ट्याचे यंत्र बॅग दारापर्यंतच आणते. आतपर्यंत जाणारा रोलरपट्टा हवाच, आणि २३ किलोंवरील बॅगेला ‘हेवी’ टॅग. प्रशिक्षणात मात्र उभ्याने उचलणेच शिकवतात! होल्डच्या उंचीच्या सांगाड्यात बसून सराव घ्या. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, तर काम तिथेच थांबवून डॉक्टरकडे पाठवा.

– एक वाचक, उलवे, नवी मुंबई