‘बनावट’ म्हणण्याआधी पत्रं वाचायला हवी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांवरचा लेख वाचला. ‘पौलाची निम्मी पत्रं बनावट’ हा मथळा कोणी दिला माहीत नाही, पण तो देणाऱ्याने ती पत्रं उघडून पाहिलेली दिसत नाहीत. लेखकाने इब्री लोकांस पत्रही ‘पौलाच्या नावावर खपवलेलं’ म्हणून यादीत घातलं आहे. त्या पत्रात पौलाचं नाव कुठेही नाही. ते पौलाचं मानण्याची परंपरा नंतर पडली. ज्या पत्रावर सहीच नाही, त्याची सही खोटी कशी असेल?

नाव असलेली पत्रं तेरा. रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, या सातांबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. इफिसकरांस, कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस दुसरं यांवर मतं विभागलेली आहेत. तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताला लिहिलेलं एक पौलाची नाहीत, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. प्रत्येक गटाची कारणं निराळी आहेत. आपल्या लेखाने सगळी एका पोत्यात भरली आणि वर ‘बनावट’ची चिठ्ठी लावली. ज्या पत्रामुळे आजही माणसांच्या आयुष्यात फरक पडतो, ते तीमथ्याला पहिलं पत्र मात्र एका ओळीत उरकलं.

फरक पडतो म्हणजे काय, ते सांगते. आमच्या मंडळीत काही वर्षांपूर्वी पाळक आजारी असताना एका रविवारी वचनावर बोलण्याची विनंती मला झाली होती. मी रीतसर ईशज्ञानाचं शिक्षण घेतलं आहे. आदल्या संध्याकाळी कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद घरी आले आणि उभ्याउभ्याच याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं बारावं वचन म्हणून दाखवलं. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं. ‘हे पौलाचे शब्द आहेत, बाई, माझे नाहीत,’ असं म्हणून ते निघून गेले. त्या रविवारी मंडळीत कोणीच बोललं नाही, फक्त गाणी झाली. ते शब्द पौलाचेच का, हा प्रश्न माझ्यासाठी तेव्हापासून पुस्तकी राहिलेला नाही.

१८०७ साली जर्मनीत श्लायरमाखर या ईशज्ञानाच्या अभ्यासकांनी याच एका पत्राबद्दल शंका सविस्तर मांडली. पुढे ती तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या तीनही पत्रांना लागू झाली. १९२१ मध्ये हॅरिसन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने शब्द मोजले. विशेषनामं सोडून या तीन पत्रांत ८४८ वेगवेगळे ग्रीक शब्द आहेत आणि त्यांतले ३०६ पौलाच्या नावावरच्या बाकी दहा पत्रांत एकदाही येत नाहीत. आकडा मोठा वाटतो, पण एकट्या या मोजणीवर मी विसंबणार नाही. पत्रं लहान आहेत, विषय वेगळे आहेत, शिवाय पौल लेखनिक वापरत असे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तर्तियस स्वतःच सांगतो की हे पत्र मी लिहून घेतलं. दुसऱ्या लेखनिकाला थोडी मोकळीक दिली की शब्द बदलणारच.

मला पटतो तो मुद्दा विधवांचा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहितांना आणि विधवांना सांगतो की माझ्यासारखं राहिलात तर बरं. संयम नसेल तर लग्नाची मुभा देतो, पण अध्यायाच्या शेवटी पुन्हा म्हणतो की विधवा तशीच राहिली तर अधिक सुखी होईल. आता तीमथ्याला पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. तिथे विधवांची यादी आहे आणि त्या यादीत यायला वय किमान साठ हवं. तरुण विधवांनी लग्न करावं, मुलं व्हावीत, घर चालवावं, अशी लेखकाची इच्छा आहे. पहिल्या ठिकाणी जगाचा काळ थोडा उरला आहे या घाईने माणूस लिहितो आहे. दुसऱ्या ठिकाणी मंडळी पिढ्यान् पिढ्या टिकणार हे धरून घराची, अध्यक्षांची, सेवकांची व्यवस्था लावली जाते आहे. तीमथ्य जिथे होता त्या इफिसात तरुण विधवांच्या वागण्याने काही विशेष अडचण झाली असेल आणि म्हणून पौलानेच सल्ला बदलला असेल, असं उत्तर दिलं जातं. ते अशक्य नाही. पण हाच पौल करिंथमध्ये प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोकं झाकावं एवढंच सांगतो, तोंड बंद ठेवा म्हणत नाही (करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातली गप्प राहण्याची दोन वचनं काही जुन्या हस्तलिखितांत वेगळ्या जागी येतात, म्हणून ती मागाहून घातली गेली असावीत अशी शंका आहे). किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचा परिचय तो रोमकरांना मानाने करून देतो. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी बसवताना बरीच ओढाताण करावी लागते.

तीमथ्याला दुसरं पत्र मात्र मी या पंक्तीत बसवायला तयार नाही. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्यापूर्वी निघ, त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडलं, हे वाचताना मला तुरुंगातला थकलेला माणूस दिसतो. नक्कल करणारा असे तपशील मुद्दाम पेरू शकतो, हा आक्षेप मला माहीत आहे. तरी तीन पत्रांचा निकाल एकत्र लावू नये, निदान हे पत्र पौलाचं आहे, असं मर्फी-ओकॉनर यांच्यासारख्या अभ्यासकाचं मत होतं. आपल्या लेखात त्याचा मागमूस नाही.

‘त्या काळी गुरूच्या नावाने लिहिणं सर्वमान्य होतं’ हे वाक्यही लेखकाने बिनदिक्कत टाकलं आहे. साधारण इ.स. २०० च्या सुमारास तर्तुल्लियन हा ख्रिस्ती लेखक एक प्रसंग नोंदवतो. पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांच्याविषयीचं लेखन आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका पदाधिकाऱ्याने रचलं होतं आणि काही जण त्याच्या आधारे शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क स्त्रियांनाही आहे, असं सांगत होते. पकडला गेल्यावर, पौलावरच्या प्रेमापोटी केलं, असं त्याने कबूल केलं आणि त्याचं पद गेलं. सर्वमान्य असतं तर पद का गेलं असतं?

आणि हो, पत्र पौलाचं नसलं तरी ते पवित्र शास्त्रात आहेच; ते फाडून टाका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘पौल म्हणतो’ या दोन शब्दांनी कोणाचं तोंड बंद करू नका. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. स्त्रीने शिकवू नये हे वचनही त्यांच्याच हातून मराठीत उतरलं. ते वचन त्यांना ऐकवायला कोण गेलं असतं?

एक तक्रार आणखी आहे. आपल्या दैनिकाला ख्रिस्ती समाज डिसेंबरात केक आणि ताऱ्यांपुरता आठवतो आणि बाकी वर्षभरात अशा एखाद्या मथळ्यापुरता. इब्री लोकांस पत्राबद्दलची चूक येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्त करावी आणि तीमथ्याला पहिल्या पत्रावर हा विषय शिकवणाऱ्या एखाद्या मराठी अभ्यासकाकडून, शक्यतो स्त्री अभ्यासकाकडून, स्वतंत्र लेख मागवावा.

आपली,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर