फिट आली, पण 'फिट' लिहून द्या

माननीय संपादक,

आमच्या धंद्यात एकच शब्द दोन उलट अर्थांनी चालतो. गेल्या महिन्यात दिंडोरीकडचा एक पिकअप चालक मेव्हण्याबरोबर आला. "डॉक्टरसाहेब, फिट आली होती हे खरं, पण आता फिट आहे असं लिहून द्या." त्याला आरटीओत द्यायला पत्र हवं होतं. रोज रात्री द्राक्षं घेऊन कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशी गाठायची, हे त्याचं काम.

फिट चहाच्या टपरीवर आली, गाडीत नाही, हे नशीब. क्लीनरने सांगितलं ते असं: मान डावीकडे वळली, दोनेक मिनिटं हातपाय झटकले, मग अर्धा तास माणसं ओळखेना. जिभेच्या कडेला दाताची जखम मी स्वतः पाहिली. म्हणजे साधी चक्कर नव्हती. एमआरआय स्वच्छ आला, पण ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात, दोष दिसला. असा दोष दिसला की फिट पुन्हा येण्याची शक्यता वाढते. उलट ईईजी चांगला आला म्हणून धोका टळला असंही नसतं.

मी पत्रात 'फिट' किंवा 'अनफिट' असा शिक्का मारला नाही. घटनेची तारीख, क्लीनरने पाहिलेलं, तपासण्या आणि चालू गोळ्या लिहिल्या. शेवटी लिहिलं, "सध्या कोणतंही वाहन चालवू नये. व्यावसायिक वाहनाचा विचार फिट न येता दीर्घ काळ गेल्यावरच करावा." चालकाला वाचून दाखवलं, त्याची सही घेतली.

पण दीर्घ म्हणजे किती? आपल्या मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) कलम १६ नुसार आजारामुळे परवाना रद्द करता येतो किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येतं. परवान्यासाठी अर्जदाराने भरायच्या स्वयंघोषणेत, नमुना १ मध्ये, अपस्माराबद्दल म्हणजे फिटबद्दल विचारलेलंही आहे. फिटनंतर किती महिने थांबायचं, हे मात्र त्यात नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या फिटनंतर मोटारीसाठी सहा महिने, धोका जास्त वाटला तर बारा, आणि ट्रकसाठी गोळ्या न घेता पाच वर्षं, असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे मुदत नाही, म्हणून 'हो' म्हटलं की परवाना कायमचा गेला अशीच समजूत आहे. मग माणूस स्वयंघोषणेत 'नाही'वर खूण करतो आणि डॉक्टरही बदलतो.

मुदत ठरवून ती फॉर्मवरच छापावी, एवढंच मागणं आहे. समाजाला गंभीर धोका असेल तर डॉक्टर रुग्णाची गोपनीयता मोडू शकतो, अशी तरतूद वैद्यकीय आचारसंहितेत आहे, पण तसं केलं की पुढचा चालक माझ्याकडे खरं बोलणार नाही.

मेव्हण्याने पत्राची घडी घालून औषधांच्या पिशवीत ठेवली. चालक सध्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरतो. मजुरी निम्मी मिळते, असं तो म्हणाला.

– एक डॉक्टर, नाशिक
(रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)