‘इफ’च्या वाक्यांबद्दल एका मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सातवीला ‘इफ’ची वाक्यं शिकवून झाली, गाळलेल्या जागा वर्गाने भराभर भरल्या, आणि ‘आता स्वतःची पाच वाक्यं लिहा’ म्हटल्यावर वह्यांमध्ये भलतंच उतरलं, असं तू लिहिलंयस. तू उतरवून पाठवलेली वाक्यं मी दोनदा वाचली. त्यातली जवळजवळ सगळी माझ्या ओळखीची आहेत. चुका मुलांच्या निष्काळजीपणाच्या नाहीत. मुलं मराठीत विचार करतात आणि मराठी वाक्य जसं चालतं तसं इंग्रजी चालवतात, एवढंच झालंय.

माझ्याकडून झालेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण मला हा विषय खरा कळला तो तिच्यामुळे. एका मुलीने लिहिलं होतं, ‘इफ आय विल हॅव अ ब्रदर, आय विल प्ले विथ हिम.’ मी लाल पेनने पहिलं ‘विल’ खोडलं. ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नको, हा नियम मी आदल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता. तिने निमूटपणे वाक्य सुधारून आणलं: ‘इफ आय हॅव अ ब्रदर, आय विल प्ले विथ हिम.’ मी बरोबरची खूण केली. वही परत घेताना ती सहज म्हणाली, “पण सर, मला भाऊ नाहीये.” तेव्हा लख्ख कळलं. मी खूण केलेलं वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, पण तिचं नव्हतं. त्याचा अर्थ होत होता की भाऊ होईलही कदाचित, झाला तर खेळेन. तिला म्हणायचं होतं, भाऊ असता तर किती खेळले असते! तिला हवं होतं ‘इफ आय हॅड अ ब्रदर, आय वुड प्ले विथ हिम.’ मी चूक दुरुस्त केली आणि तिचा अर्थ मात्र पुसून टाकला.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी अर्थ, मग रूप. पण तिकडे जाण्याआधी या चुका येतात कुठून ते नीट पाहू.

आपण म्हणतो, ‘पाऊस पडला तर मी घरी थांबेन.’ पाऊस उद्याचा, पण क्रियापद ‘पडला’, म्हणजे दिसायला भूतकाळी. मूल ते तसंच नेतं: ‘इफ इट रेन्ड, आय विल स्टे ॲट होम.’ आपण असंही म्हणतो, ‘तू येशील तर बरं होईल.’ इथे दोन्हीकडे भविष्यकाळ. त्यातून ‘इफ यू विल कम’ येतं. आणि तिसरं, ‘पैसे असते तर घेतलं असतं.’ ‘असते’ आणि ‘असतं’, दोन्ही बाजूंना एकच साचा. त्यातून येतं ‘इफ आय वुड हॅव मनी, आय वुड बाय इट.’ तीन वेगळ्या चुका, तिन्हींचं मूळ वेगळं. एकाच नियमाने तिन्ही झोडपल्या तर मुलाला काहीच उमगत नाही. चूक दिसली की मी आता विचारतो, “मराठीत काय म्हणायचं होतं?” मूल मराठी वाक्य सांगतं आणि गाठ कुठे बसली ते दोघांनाही दिसतं.

एक बारीक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. मराठीत ‘जर’ गाळलं तरी चालतं, ‘तर’ मात्र लागतंच. इंग्रजीत बरोबर उलटं: ‘देन’ गाळलं तरी चालतं, पण ‘इफ’ लागतंच. म्हणून काही मुलं ‘इट रेन्स देन आय विल स्टे ॲट होम’ असं लिहितात. त्यांनी ‘तर’ इमानाने जपलंय आणि नसलेलं ‘जर’ गाळलंय. हे फळ्यावर दोन ओळींत दाखवलं की पुरतं, जास्त वेळ घालवू नकोस.

वेळ खर्च करायचा तो ‘हॅड’वर. खरी अडचण तिथे आहे. ‘हॅड’ म्हणजे भूतकाळ, हे आपणच मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. मग ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’ हे आजचं बोलणं आहे हे त्यांना पटणार कसं? मी त्यासाठी दोन निरोपांची युक्ती करतो. फळ्यावर दोन मित्रांचे निरोप लिहितो. पहिला: ‘इफ आय हॅव टाइम टुमॉरो, आय विल कम.’ दुसरा: ‘इफ आय हॅड टाइम टुमॉरो, आय वुड कम.’ आणि एकच प्रश्न विचारतो, “उद्या कोणाची वाट पाहायची?” भाषांतर नाही, काळ ओळखा नाही, काही नाही.

पहिल्यांदा हा प्रश्न विचारलास की काही मुलं सांगतील, “दुसरा काल येऊन गेला.” हीच ती मुलं, ज्यांच्या गाळलेल्या जागा बरोबर होत्या पण अर्थ पोचलेला नव्हता. त्यांना ‘टुमॉरो’वर बोट ठेवायला सांग. शब्द उद्याचा आहे, मग ‘हॅड’ कालचं कसं असेल? थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, “म्हणजे दुसऱ्याला वेळ नाहीच आहे!” तेवढं आलं की मी सांगतो: इंग्रजी माणूस खरं नसलेलं बोलताना क्रियापद एक पायरी मागे सरकवतो. ‘हॅव’चं ‘हॅड’, ‘विल’चं ‘वुड’. इथे ते मागे सरकणं काळाचं नसून खरेपणापासून लांब जाण्याचं असतं. आणि लगेच जोडून सांगतो की आपणही हेच करतो. ‘आहे’ म्हणायचं सोडून ‘असता तर’ म्हणतो, तेव्हा कालचं बोलत नसतो. मराठी व्याकरणात मुलं हेच संकेतार्थ या नावाने शिकतात. तो धडा आठवून दिलास तर अर्धं काम झालं.

त्यानंतरचा तास पूर्ण मराठीत घेतला तरी हरकत नाही. मी वाक्यं म्हणतो, मुलं हात वर किंवा खाली करतात. घडू शकतं असं वाटलं तर वर, आत्ता तसं नाही असं वाटलं तर खाली. ‘अभ्यास झाला तर खेळायला जाईन’ वर. ‘मला पंख असते तर’ खाली. इथे एक खाचखळगा आहे. मुलांना वाटतं खाली म्हणजे पंख, राजवाडे, जादू. म्हणून मुद्दाम साधी वाक्यं घाल: ‘माझी उंची जास्त असती तर वरचं पुस्तक काढलं असतं.’ खोटं म्हणजे अद्भुत नव्हे, फक्त आत्ता तसं नसणं. आणि ‘बक्षीस मिळालं तर’ असल्या वाक्यावर वर्गात दोन तट पडतात. पडू दे. ‘इफ आय विन’ म्हणणाऱ्याला आशा आहे, ‘इफ आय वन’ म्हणणाऱ्याला फारशी नाही. दोन्ही बरोबर. बोलणाऱ्याला काय वाटतं त्यावर ते ठरतं, आणि हे मुलांना विलक्षण आवडतं.

मग इंग्रजी रूपं. सुरुवातीला चार-पाच क्रियापदांवरच थांब: हॅव, बी, नो, लिव्ह, गो. ‘बी’चं या वाक्यांत सगळ्यांसाठी ‘वेअर’ होतं: ‘इफ आय वेअर टॉल’. बोलताना लोक ‘वॉज’ही म्हणतात, त्यामुळे कोणी तसं लिहिलं तर मी खोडत नाही, फक्त ‘वेअर’ वाचून दाखवतो. ‘वुड’ एकाच बाजूला, ‘इफ’ नसलेल्या, हे मी दोन हातांनी दाखवतो. डाव्या मुठीत ‘इफ’ आणि मागे सरकलेलं क्रियापद, उजव्या मुठीत ‘वुड’ आणि मूळ क्रियापद. हातांची अदलाबदल करून वाक्य उलट म्हणायला लावतो: ‘आय वुड प्ले विथ हिम इफ आय हॅड अ ब्रदर.’ मुठीतला ऐवज बदलत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. स्वल्पविराम ‘इफ’ आधी आलं तरच, तेही तिथेच सांगून टाक. उजव्या मुठीत ‘वुड प्लेड’ येईल, हमखास येईल. तेव्हा फक्त मूठ हलव, मूल स्वतः दुरुस्त करतं.

तपासताना एका वाक्याला मी दोन खुणा करतो, एक अर्थाची, एक रूपाची. ‘इफ आय वुड हॅव अ ब्रदर, आय वुड प्ले’ याला अर्थाची खूण मिळते, रूपाची नाही. ‘इफ आय हॅव अ ब्रदर’ला, त्या मुलीच्या बाबतीत, रूपाची मिळते आणि अर्थाची नाही. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा वाक्य मुलाच्या स्वतःबद्दलचं असतं. म्हणून पाच वाक्यं मागू नकोस. तीन माग, आणि प्रत्येकाखाली मराठीत एक ओळ: खरं काय आहे? त्या मुलीने नंतर लिहिलं होतं, ‘मला भाऊ नाही, दोन बहिणी आहेत.’ तेव्हा ती ते सहज बोलली नसती तर माझी पहिली चूक मला कधीच दिसली नसती, म्हणून आता ती ओळ लिहूनच घेतो.

एक सावधगिरी मात्र घे. ‘इफच्या बाजूला विल नको’ हे फार ठासलंस तर ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे अगदी बरोबर वाक्यही मुलं खोडू लागतात. माझ्या वर्गात झालंय. तिथे ‘इफ’चा अर्थ ‘तर’ नसून ‘की नाही’ आहे: तो येईल की नाही, मला माहीत नाही. ‘तर’ बसत असेल तरच नियम लाव, एवढं सांगितलं की पोरं बरोबर वेगळं काढतात.

‘वुड हॅव’चं तू विचारलंयस. या वर्षी थांब, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण मराठीतच आहे. ‘वेळ असता तर आलो असतो’ हे आपण आजच्याबद्दलही म्हणतो आणि कालच्याबद्दलही, तेच शब्द, तोच साचा. इंग्रजी मात्र दोन्ही वेगळं करतं: आजचं ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’, कालचं ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. दोन्ही एकदम शिकवलं की मूल एका ‘असता तर’साठी दोन कप्पे शोधत बसतं आणि पहिलाही हातचा जातो. आठवीत घेशील तेव्हा मराठी वाक्यात आधी ‘काल’ किंवा ‘आत्ता’ घालायला लाव, मगच इंग्रजीकडे वळ.

दोन निरोपांचा प्रश्न या आठवड्यात विचारून बघ. किती जण ‘दुसरा काल येऊन गेला’ म्हणाले आणि नंतर कोणी काय कारण दिलं, ते त्यांच्याच शब्दांत मला लिही. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या मुलाचं ‘इफ आय कॅन फ्लाय, आय गो टू मून’ हे वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय. त्याला उडता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे अर्थाची खूण देऊन टाक. ‘कॅन’चं ‘कुड’ आणि ‘गो’च्या आधी ‘वुड’, एवढंच राहिलंय. ‘द मून’मधला ‘द’ नंतर बघता येईल.

तुझा,
जुना सोबती