छातीचं दुखणं गेलं, पोटॅशियम राहिलं

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत लेखकमहाशयांनी एका वाक्यात निकाल लावला आहे : स्पायरोनोलॅक्टोन या हृदयाच्या गोळीने पुरुषांची छाती दुखू लागली, तर डॉक्टरांकडून एप्लेरेनोन किंवा अमिलोराइड लिहून घ्या, त्रास संपला! वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी चहाआधीच हे पत्र लिहायला बसलो.

तो ‘संपलेला त्रास’ मी भोगला आहे. माझ्या हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून रामिप्रिल आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम. चौथ्या महिन्यात डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ लागली. बनियन घासलं तरी कळ यायची, पिशवीचा पट्टा खांद्यावरून आडवा घेता येईना. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने हे कुणाला सांगायचं? दीड महिना गप्प बसलो. शेवटी बायकोनेच डॉक्टरांना सांगून टाकलं आणि मी कॅलेंडरकडे बघत बसलो. डॉक्टरांनी गाठ तपासली, गोळी बदलून एप्लेरेनोन दिली. दोनेक महिन्यांत दुखणं गेलं. इथवर तुमचे लेखक बरोबर आहेत, मान्य.

पण चिठ्ठीवर खाली ‘आठ दिवसांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन’ असं लिहिलं होतं, ते मी केलं नाही. मागचा रिपोर्ट ४.८ होता, म्हटलं, गोळी त्याच घराण्यातली पण सोज्वळ, कशाला सुई टोचून घ्या! त्यात सूनबाईंनी घरात ‘लो सोडियम’ मीठ आणलं. कुणाच्या सल्ल्याने? आपल्याच पुरवणीच्या. रोज एक शहाळंही सुरू झालं.

एप्रिलमध्ये जिना चढताना मांड्यांत जीव राहीना. बाकी काही नाही, ना छातीत दुखणं, ना धाप. उन्हाळ्यावर ढकललं. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.४. सुईतून घेताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटाच वाढतो, म्हणून लॅबने पुन्हा रक्त घेतलं, तेही ६.२. ईसीजीवर एरवी टेकडीसारख्या गोल असणाऱ्या लाटा तंबूच्या टोकासारख्या उभ्या राहिल्या होत्या, त्या तिथल्या पोरसवदा डॉक्टरने मला बोट ठेवून दाखवल्या. मग शिरेतून कॅल्शियम, इन्सुलिन आणि ग्लुकोज, रात्रभर मॉनिटरची पींपीं. घरी आल्यावर चष्मा लावून मिठाचं पाकीट वाचलं : पोटॅशियम क्लोराइड.

माझी पुतणी डॉक्टर आहे. तिने समजावलं ते असं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं, मीठ राख, पोटॅशियम बाहेर टाक. रामिप्रिलसारख्या एसीई इनहिबिटरने ते संप्रेरकच कमी बनतं. जे बनतं त्याचा हुकूम स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन ऐकू देत नाहीत. अमिलोराइड तर ज्या दारातून सोडियम आत येतं ते दारच लावून घेतं. म्हणजे मोरीच्या तोंडाशी एक बोळा होताच, तुम्ही वर दुसरा कोंबलात. छाती दुखते ते वेगळ्या कारणाने : स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी संप्रेरकाच्या जागाही अडवतं, एप्लेरेनोन फारसं नाही, अमिलोराइडचा त्यांच्याशी संबंधच नाही. गोळी बदलून हे दुसरं भांडण मिटतं. पहिलं तसंच राहतं.

आणि तिन्ही गोळ्या एकाच तागडीत तोलणं तर कहरच! कमजोर हृदयाच्या रुग्णाचं आयुष्य वाढतं हे पहिल्या दोघींनी मोठ्या चाचण्यांत दाखवलं आहे, अमिलोराइडने नाही. १९९९च्या स्पायरोनोलॅक्टोनच्या चाचणीत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, पुरुषांत दहातल्या एकाला छातीचा त्रास झाला. मग सगळीकडे ही गोळी धडाधड लिहिली जाऊ लागली. कॅनडातल्या ऑंटॅरिओत एसीई इनहिबिटर घेणाऱ्या कमजोर हृदयाच्या वृद्धांमध्ये पोटॅशियम वाढून इस्पितळात भरती होणारे १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ पर्यंत ११ झाले. ही पुतणीने दाखवलेली आकडेवारी, माझी नव्हे.

गोळी वाईट असं मी म्हणत नाही. आजही एप्लेरेनोन घेतो, निम्म्या डोसने. सुरू केल्यावर आणि डोस बदलल्यावर आठवड्याने नि पुन्हा महिन्याने रक्त तपासायचं, पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन करायचा, मीठ साधंच पण चिमूटभर, आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणायची नाही, कारण तीही मूत्रपिंडाला अडवून पोटॅशियम वाढवते. हे चार ओळींत मावलं असतं. त्याऐवजी आपण शहाळ्याचा अर्धपान रंगीत फोटो छापलात.

जाता जाता : पुरवणीत फिकट गुलाबीवर पांढरी अक्षरं छापण्याची कल्पना कुणाची? आणि परवाच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. ‘उभे १४’साठी मी थांबलो आहे.

आपला,
बावीस वर्षांचा वर्गणीदार, सांगली